एकच मध, दोन फोटो, दोन रंग

(प्रभागसंघाच्या मासिक बैठकीत मधविक्री करणाऱ्या गटांशी केलेले बोलणे)



मागच्या हंगामात चोपडा तालुक्यातल्या आपल्या एका गटाने खरेदीदाराला मधाचा फोटो पाठवला. उत्तर आलं, "गडद अंबर आहे, भाव कमी मिळेल." गटातल्या आजी मला म्हणाल्या, "आमना मध काया शे का?" मी जाऊन बघितलं. मध काळा नव्हता. फोटो संध्याकाळी, पिवळ्या बल्बखाली, लोणच्याच्या मोठ्या बरणीचा काढला होता.

आधी ही पट्टी समजून घेऊ. मधाच्या रंगाच्या सात पायऱ्या आहेत: पाण्यासारखा, अतिपांढरा, पांढरा, अतिफिका अंबर, फिका अंबर, अंबर आणि गडद अंबर. त्या मोजायच्या यंत्राला फंड मापक म्हणतात. त्यात मध पाचरीच्या आकाराच्या काचेच्या भांड्यात भरतात आणि शेजारच्या अंबर काचेशी रंग जुळेपर्यंत सरकवतात. किती मिलिमीटर सरकवलं, तो मधाचा आकडा. ५१ ते ८५ म्हणजे फिका अंबर, ८६ ते ११४ अंबर, त्याच्या पुढे गडद.

आता बघा, भांडं पाचरीचंच का? कारण थर जाड झाला की तोच मध गडद दिसतो. चमचाभर मध पिवळा दिसतो, तोच बरणीभर तपकिरी. म्हणून बरणीचा फोटो पट्टीशी जुळवायचाच नाही. खरेदीदार ज्या मापाच्या सपाट, पारदर्शक बाटलीत रंग बघतो, तीच बाटली आपण वापरायची. सगळ्या गटांनी एकच माप ठेवायचं.

त्या दिवशी आम्ही तोच मध पुन्हा घेतला. मलमलच्या कापडातून गाळला आणि रात्रभर झाकून ठेवला, म्हणजे फेस वर आला आणि बुडबुडे गेले. बुडबुडे असले की मध धुरकट आणि फिका दिसतो. थंडीत मधाने रवा धरला असेल तरी तसंच होतं. अशा वेळी बाटली कोमट पाण्यात ठेवून रवा विरघळवा, पण पाणी हाताला सोसेल इतकंच गरम असू द्या. गॅसवर मध तापवला तर तो खरोखरच गडद होतो, आणि मग तो परत फिका होत नाही.

सकाळी नऊच्या सुमारास आम्ही ओट्यावर सावलीत बसलो. थेट ऊन नाही, बल्ब नाही, मोबाईलचा फ्लॅश बंद, फिल्टर बंद. बाटलीच्या मागे कोरा पांढरा कागद उभा केला. रंगपट्टी बाटलीला लागून, त्याच उजेडात ठेवली, म्हणजे दोन्ही एकाच फोटोत आल्या. एका ताईंची केशरी साडी बाटलीजवळ आली, तेव्हा कागदावर केशरी झाक उतरली! त्यांना जरा मागे सरकायला सांगितलं.

फोटो काढल्यावर मधाच्या आधी कागद बघा. तो फोटोत पांढरा दिसतो का? पिवळट किंवा निळसर दिसला, तर मधाचा रंगही तेवढाच फसवा आहे. फोटो टाकून द्या, दुसरा काढा. मोबाईल स्वतःच उजेड आणि रंग बदलत असतो. पट्टी त्याच फोटोत असली की बदल दोघांनाही सारखाच होतो आणि तुलना टिकते. म्हणून एका फोटोतला मध दुसऱ्या फोटोतल्या पट्टीशी कधी जुळवू नका. पट्टी खरेदीदाराने दिलेलीच वापरा. व्हॉट्सॲपवरून उतरवून दुकानात छापून घेतली, तर प्रत्येक छपाईत रंग वेगळा येतो. ती वहीत मिटून ठेवा, उन्हाने फिकी होते. फोटोही डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे तो दाबला जात नाही.

आमच्या फोटोत मध फिका अंबर आणि अंबर यांच्या मधोमध बसला. मग आम्ही एकच पायरी ठोकून सांगितली नाही. "या दोघांच्या सीमेवर" असं लिहिलं आणि सोबत छोटी बाटली नमुना म्हणून पाठवली. सीमेवरचा मध फोटोवरून ठरत नाही, तो डोळ्यासमोर किंवा मापकातच ठरवावा लागतो. नमुना हातात घेऊन पाहिल्यावर गडद अंबरचा शेरा मागे घेतला गेला.

आणखी एक. गडद रंग म्हणजे भेसळ नव्हे, आणि फिका म्हणजे शुद्ध नव्हे. रंग फुलावर अवलंबून असतो. साठवणीचाही असतो: आपल्या जळगाव-धुळ्याच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत ठेवलेला मध महिन्या-महिन्याने गडद होत जातो. पाण्याचं प्रमाण आणि भेसळ फोटोत कळत नाही.

म्हणून प्रत्येक डब्याचा फोटो भरला त्याच आठवड्यात काढा आणि वहीत तारीख, डबा क्रमांक आणि पायरी लिहून ठेवा. पुढे कुणी "गडद आहे" म्हटलं, तर भरताना कोणता रंग होता ते तुमच्याकडे लिहिलेलं असेल.