एक फोटो, तीन पावत्या

समजा, ऑफिसच्या दौऱ्याचा खर्च मागायला कुणीतरी एकच फोटो पाठवलाय. त्यात हॉटेलचं ३४० रुपयांचं बिल, शेजारी पेट्रोलची १,५०० ची पावती आणि जरा तिरकी पडलेली टोलची १०५ ची.

अख्खा फोटो ओसीआरला दिला, तर तो बऱ्याचदा डावीकडून उजवीकडे सलग ओळ वाचतो. हॉटेलच्या ‘एकूण’पुढे पेट्रोलचा आकडा येऊ शकतो आणि हॉटेलच्या नावावर १,५०० लागतात. आकडा फोटोत खरंच आहे, फक्त दुसऱ्या पावतीचा. त्यामुळे ही चूक पटकन दिसत नाही.

म्हणून आधी प्रत्येक कागद वेगळा कापायचा. तिरक्या पावतीभोवती सरळ चौकट आखली, तर कोपऱ्यात शेजारचे आकडे शिरतात. त्यापेक्षा पावतीचे चार कोपरे शोधा आणि तेवढाच भाग `cv2.getPerspectiveTransform` आणि `cv2.warpPerspective` वापरून सरळ करून घ्या.

पावत्या एकमेकींना चिकटून असतील, तर दोन्हींची मिळून एकच कड सापडते. हे ओळखायचं कसं? एका तुकड्यात दोन बिल नंबर किंवा दोन ‘एकूण’ दिसले, तर दोन पावत्या एकत्र आल्यात असं समजा. उलट, एका तुकड्यात नुसतं दुकानाचं नाव आणि दुसऱ्यात नुसती बेरीज असेल, तर बहुतेक एकच बिल मधे तुटलंय.

आणि रक्कमच दुसऱ्या कागदाखाली झाकली असेल, तर अंदाज बांधायचा नाही. रकाना रिकामा ठेवून नवा फोटो मागायचा.