गिऱ्हाइकाची वाट एका लांब पट्टीवर

आमचा गट कांदा-लसूण मसाला करतो. चैत्रात मिरच्या वाळवायच्या, डंकावर कुटून आणायच्या, आणि गावातून पुण्याला राहायला गेलेल्या घरांना पार्सलने पाठवायचा, असा आमचा धंदा. पहिल्या वर्षी 50 घरांनी मसाला नेला. दुसऱ्या वर्षी त्यांतल्या 19 घरांनीच पुन्हा मागवला. बैठकीत एक म्हणाली, तिखट कमी पडलं. दुसरी म्हणाली, भाव जास्त झाला. भाव उतरवायचं जवळजवळ ठरलंच होतं. तेवढ्यात प्रशिक्षणाला जाऊन आलेल्या आमच्यातल्या एकीनं सांगितलं की भाव उतरवण्याआधी गिऱ्हाइकाची वाट कागदावर मांडून बघू. प्रशिक्षणात त्याला कस्टमर जर्नी मॅप म्हणतात. आम्ही त्याला पट्टी म्हणतो. ती कशी मांडली ते आज सांगतो.

पट्टी मांडण्याआधी आम्ही फोन केले. सहा जणींना केले. तीन पुन्हा मागवणाऱ्या आणि तीन न मागवणाऱ्या. नुसत्या खूश गिऱ्हाइकांना विचारलं असतं तर कौतुकच ऐकायला मिळालं असतं. "मसाला कसा होता?" असंही विचारलं नाही, कारण ओळखीतली बाई "छान होता" असंच म्हणणार. आम्ही म्हटलं, "ताई, मसाला घ्यायचं मनात आलं तिथपासून डबा रिकामा होईपर्यंत काय काय झालं, ते क्रमानं सांगा." बोलणारी बोलत गेली आणि आम्ही तिचेच शब्द चिठ्ठ्यांवर लिहीत गेलो. एका चिठ्ठीवर एकच गोष्ट.

मग जुन्या कॅलेंडरची पानं पाठकोऱ्या बाजूनं जोडून सहा फुटांची पट्टी केली आणि भिंतीवर आडवी लावली. वरच्या ओळीत डावीकडून उजवीकडे टप्पे लिहायचे होते. इथं आमची पहिली चूक झाली. आम्ही लिहिलं: मिरची आणणे, कुटणे, पाकिटं भरणे, पाठवणे. ही तर आमची कामं झाली. गिऱ्हाइकाला यातलं काही दिसत नाही. ओळखायची खूण सोपी आहे. प्रत्येक टप्प्याआधी "ती" लावून वाक्य म्हणायचं. "ती पाकिटं भरते" हे चुकीचं ऐकू येतं, म्हणजे तो टप्पा तिचा नाही. मग ते खोडून सात टप्पे लिहिले: तिला आठवण होते, ती विचारते, ती पैसे देते, ती वाट बघते, मसाला तिच्या हातात येतो, ती वापरते, ती पुन्हा मागवते.

टप्प्यांच्या खाली आणखी तीन ओळी आखल्या. पहिलीत ती काय करते आणि कुठं करते. दुसरीत तिला काय वाटतं. तिसरीत तिला काय खुपतं. प्रत्येक चिठ्ठी आपापल्या टप्प्याखाली टाचणीनं लावली, म्हणजे हलवता येते. पट्टी एकसलग ठेवायचं कारण असं की एका टप्प्याखालचं करणं, वाटणं आणि खुपणं एकाखाली एक दिसतं, आणि आधी काय झालं म्हणून पुढं काय झालं तेही सरळ वाचता येतं. वेगवेगळ्या कागदांवर लिहिलं की हा धागा तुटतो.

"काय वाटतं" या ओळीत मधोमध एक रेघ मारली आणि टिकल्या लावल्या. बरं वाटलं तर टिकली रेघेच्या वर, जीव वैतागला तर खाली. जितका वैताग, तितकी खाली. मग टिकल्या पेनानं जोडल्या. आमची रेघ अशी गेली: आठवणीला वर, कारण सासर-माहेरच्या मसाल्याची चव आठवते. विचारायला वर. पैसे द्यायला मधोमध. वाट बघताना एकदम खाली. हातात आल्यावर थोडी वर, पण तेल झिरपून पिशवीला वास लागला म्हणून फार वर नाही. वापरताना सगळ्यात वर. म्हणजे चवीची तक्रारच नव्हती. भावाची चिठ्ठीही एकच निघाली, आणि ती पुन्हा मागवणाऱ्या बाईची होती.

वाट बघताना काय खुपत होतं? "कुठल्या दिवशी येणार कळेना. कामावर असताना फोन आला, मग संध्याकाळी धावत आणायला गेले," असं चौघींनी सांगितलं. आम्ही पार्सल गाडीत ठेवलं की आमचं काम संपलं असं समजत होतो. त्या टप्प्यावर आमच्यातली एकही उभी नव्हती.

पण खरी गोष्ट सातव्या टप्प्यावर होती. न मागवणाऱ्या तिघींच्या चिठ्ठ्या तिथं नव्हत्याच. खालची जागा रिकामी. आम्ही पुन्हा फोन केला. एकीनं सांगितलं, "मसाला बरणीत ओतला आणि पाकीट टाकून दिलं. दिवाळीच्या सुमाराला संपला. तुमचा नंबर त्या पाकिटावर होता. मोबाइलही बदललेला. मग जाऊ दे म्हणून दुकानातला आणला." दुसरीचंही तसंच होतं. यात राग नाही, तक्रार नाही, म्हणून टिकलीही फार खाली जात नाही. पण वाट तिथं तुटते. म्हणून पट्टी वाचताना दोन्ही बघायचं: टिकली सगळ्यात खाली कुठं आहे, आणि चिठ्ठ्या कुठं थांबतात.

उपाय आम्ही पट्टी भरताना लिहिले नाहीत. भरता भरता उपाय सुचवायला लागलं की जी मोठ्यानं बोलते तिचंच खुपणं खरं ठरतं. पट्टी पूर्ण झाल्यावर दोनच कामं घेतली. एक, पार्सल निघालं की गाडीची वेळ कळवायची आणि कुठल्या वेळी आणणं सोयीचं ते आधी विचारायचं. दोन, बरणीला चिकटवायची चिठ्ठी पाकिटात टाकायची: गटाचं नाव, कुटल्याचा महिना, फोन नंबर. आधी 20 चिठ्ठ्या हातानं लिहिल्या. महिन्याभरानं विचारलं तर कळलं, तेलकट हातानं शाई पुसली गेली. छापायला टाकण्याआधी कळलं हे बरं झालं. आता वर प्लॅस्टिकचा थर असलेली चिठ्ठी देतो. दिवाळीआधी काही फोन आले, "बरणीवरचा नंबर बघून करतेय," असं सांगत. झिरपणाऱ्या तेलाचं काम अजून बाकी आहे.

दोन गोष्टी जपा. एका पट्टीवर एकाच तऱ्हेचं गिऱ्हाईक मांडा. आठवडी बाजारात पावशेर घेणारी आणि पुण्याहून किलोभर मागवणारी यांची वाट वेगळी. दोघींच्या टिकल्या मिसळल्या की रेघ मधोमध जाते आणि कुणाचंच दुखणं दिसत नाही. आणि सहा जणींच्या बोलण्यातून कुठं खुपतं ते कळतं, किती जणींना खुपतं ते कळत नाही. जी चिठ्ठी कुणी बोललेलं नसून आपल्या अंदाजानं लिहिली, तिच्यावर प्रश्नचिन्ह काढा आणि पुढच्या फोनला विचारा. आमच्या पट्टीवर "भाव जास्त" या चिठ्ठीवर असंच प्रश्नचिन्ह होतं. ते निघालं, आणि भाव आहे तोच ठेवला.