खरं सांगता येईल असा प्रश्न विचारा
(केळझर येथील बैठकीतलं भाषण)



संस्थेचा माणूस फॉर्म घेऊन येतो. विचारतो, “आम्ही दिलेल्या शेळ्यांचा फायदा झाला ना?” आपण म्हणतो, “हो, झाला.” दारी आलेल्या पाहुण्याला नाही कसं म्हणावं? शिवाय पोटात भीती, नाही म्हटलं तर पुढच्या यादीतून नाव कटेल.

समजा, घरी 4 शेळ्या आल्या अन् पावसाळ्यात 3 मेल्या. फॉर्मवर ‘फायदा झाला’ एवढंच गेलं, तर लस टोचलीच नव्हती हे वर कळत नाही. पुढच्या गावातही तसंच होते.

म्हणून आमचं संस्थांना सांगणं आहे, असं विचारा: “काही घरी शेळ्या जगल्या, काही घरी मेल्या. तुमच्याकडे किती आल्या? आज किती आहेत? मेल्या त्या कधी?” आकडा सांगताना पाहुण्याचं मन मोडत नाही. उत्तरावरून नाव कटणार नाही, हे आधीच सांगा. पण खरं असेल तरच. फॉर्मवर नाव लिहू नका.

वाटप करणाराच विचारत असेल, सरपंच बाजूला उभा असेल, तर चांगला प्रश्नही फसतो. सारं गाव ‘छान’ म्हणते अन् गोठे रिकामे दिसतात, तिथं भीती बोलते आहे.

जमिनीची भीती तर सोडाच. 2006 च्या कायद्यात वनहक्काचा दावा ग्रामसभा, उपविभागीय समिती आणि जिल्हा समिती तपासते. संस्थेच्या फॉर्मवरून तो कटत नाही. मेलेली शेळी मेली म्हणूनच सांगू.