डब्यावरचे तापमान नेमके कशाचे?

बाहेरच्या भिंतीला लावायच्या इमल्शनच्या डब्यावर किंवा सुताराच्या पांढऱ्या गोंदाच्या बरणीवर बारीक अक्षरांत एक ओळ असते: अमुक ते अमुक अंश सेल्सिअस तापमानातच वापरावे. आकडे उत्पादनागणिक बदलतात, पण खालची मर्यादा साधारण ५ ते १० आणि वरची ३५ ते ४० च्या आसपास असते. ही ओळ वाचणारे थोडे, आणि वाचणारेही ती हवामानाच्या बातमीतल्या पाऱ्याशी ताडून पाहतात. माझे म्हणणे असे की ही मर्यादा मुख्यतः ज्या भिंतीवर किंवा लाकडावर थर बसणार त्या पृष्ठभागाची आहे, आणि तीही ब्रश फिरवण्याच्या क्षणापुरती नाही, थर वाळेपर्यंतच्या सगळ्या तासांची आहे.

याचे कारण पाण्यातल्या रंगाच्या घडणीत आहे. डब्यात राळेचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात. पाणी उडू लागले की ते एकमेकांना भिडतात, दाबले जातात आणि शेवटी मिसळून एकसंध पापुद्रा बनतो. मिसळण्यासाठी कण मऊ असावे लागतात, आणि मऊपणा तापमानावर अवलंबून असतो. बुंदी गरम असते तोवर लाडू वळतो, निवाली की दाणे मोकळे राहतात. तसेच इथे होते. ठरावीक अंशाखाली पाणी उडून जाते, पण कण कडकच राहतात. गोंदाचा असा सांधा उघडला, तर पारदर्शक पापुद्र्याऐवजी खडूसारखी पांढरी, भुरभुरीत रेघ दिसते. नंतर ऊन मिळाले तर तो सावरेल, हा समज चुकीचा आहे. कणांना सरकू देणारे पाणी निघून गेलेले असते, त्यामुळे सांधा पुन्हा साफ करून चिकटवावा लागतो.

महाराष्ट्रात थंडीची मर्यादा कशाला पाहायची, असे कोणी विचारेल. थंडीच्या लाटेत निफाडला पारा ५ अंशांखाली गेल्याच्या नोंदी आहेत. तिथे जानेवारीत संध्याकाळी पाचला भिंत वीस अंशांवर असली, तरी त्या वेळी लावलेला थर पुरता वाळण्याआधी रात्र पडते. काम सुरू करताना पाळलेली मर्यादा पहाटे मोडलेली असते. तेच काम सकाळी दहाला, भिंतीवर ऊन आल्यानंतर सुरू केले, तर थराला पुढचे सात-आठ उबदार तास मिळतात.

वरच्या मर्यादेकडे मात्र आपले दुर्लक्ष जास्त नुकसान करते, कारण पावसाळ्याआधी रंगकाम उरकायची आपली रीत आहे. मे महिन्यात नागपूरला हवा ४२ अंशांवर असते तेव्हा पश्चिमेकडची गडद भिंत दुपारी चार वाजता पंचावन्नच्याही पुढे जाऊ शकते. अशा भिंतीवर रोलर फिरला की पाणी काही क्षणांत वर उडते आणि प्लास्टरमध्ये शोषले जाते. कण मऊ असतात हे खरे, पण नीट रचून बसायला त्यांना वेळच मिळत नाही. रंगाऱ्याला आधीच्या पट्ट्याची कड ओली असतानाच पुढचा पट्टा जोडायचा असतो. ती कड वाळून गेल्याने दोन पट्ट्यांच्या सीमेवर दुहेरी थराची गडद रेघ उमटते. थर जाड असेल तर वर साय धरते, खाली ओल अडकते आणि तिची वाफ फोड उठवते. असा फोड सुरीने कापून पाहावा. आत जुन्या रंगाचा थर दिसला तर बहुधा दोष उन्हाचा, थेट प्लास्टर दिसले तर बहुधा भिंतीतल्या ओलीचा. ही तपासणी न करता पावसाला बोल लावला जातो.

उन्हाळ्यात रंगवलेल्या कितीतरी भिंती टिकतात, हा आक्षेप खोटा नाही. त्यातल्या अनेक सकाळी किंवा सावलीत रंगवलेल्या असतात. अनुभवी रंगारी उन्हाला पाठ देत भिंती बदलतो, तेव्हा तो डब्यावरची ओळच पाळत असतो. दुसरा उपाय सांगतात तो जास्त पाणी घालण्याचा. त्याने रोलर हलका फिरतो, पण भिंतीचा ताप तेवढाच राहतो. शिवाय सांगितल्यापेक्षा जास्त पाण्याने राळ विरळ होऊन थर पातळ बसतो. त्यापेक्षा आदल्या संध्याकाळी भिंत धुऊन ठेवावी, सकाळी ती कोरडी आहे हे पाहावे आणि पश्चिमेची बाजू ऊन येण्यापूर्वी संपवावी. सूर्यास्तानंतर लगेच तिथे काम धरू नये, कारण विटांत साठलेली उष्णता पुढे कित्येक तास बाहेर येत राहते. हवेचा तापमापक हे दाखवत नाही. भिंतीवर रोखायचा इन्फ्रारेड तापमापक दाखवतो. तो नसेल तर तळहात भिंतीला टेकवावा. चटका बसून तो उचलावा लागला, तर त्या तासाला तिथे रोलर लावू नये.