परिपाठातला एक मिनिट

आम्ही यावलहून बोलतोय, बचत गटाच्या बैठकीतली एक गोष्ट घेऊन.

शाळेत सकाळी परिपाठ होतो. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, मग एक मूल पुढे येऊन सुविचार सांगतं. आमच्या गटातल्या एका ताईच्या लेकीची पाळी आली होती. मागच्या वेळी तिनं पुस्तकातून ‘अपयश ही यशाची पहिली पायरी’ उतरवलं होतं. बाईंनी अर्थ विचारला, तर पोर गप्प. आता ती आईला म्हणे, सुविचार सांग. ताई अंगठा लावणारी. हप्ता भरता भरता आम्हाला म्हणाली, “मला वाचता येत नाही, मी काय सांगू?”

आम्ही तारीख विचारली. २४ ऑगस्ट. म्हटलं, अगं, हा तर बहिणाबाईंचा जन्मदिवस!

मग आम्ही पोरीला जवळ बसवलं. आधी एकच वाक्य ठरवलं, तिला स्वतःला समजेल असं. मग त्याला एक खरा दाखला, आणि शेवटी तिच्या घरातली एक गोष्ट. यापेक्षा जास्त घातलं की मागच्या रांगेतली मुलं चुळबुळ करतात. पहिल्यांदा तिनं दोन पानं लिहिली होती. मोठ्यानं वाचायला लावलं, तर मध्येच दम लागला. जिथं अडखळली ते शब्द काढून टाकले. उरलं ते असं:

“लिहिता येत नाही, म्हणजे सांगायला काही नाही, असं नसतं. बहिणाबाई चौधरींचा जन्म १८८० साली आपल्याच जिल्ह्यात, असोद्याला झाला. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, घरात काम करताना त्या गाणी रचायच्या. मुलगा सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ ती लिहून घ्यायचे. बहिणाबाई १९५१ साली गेल्या, आणि १९५२ साली त्यांच्या गाण्यांचं पुस्तक निघालं. माझ्या आजीलाही लिहिता येत नाही. तिला जात्यावरच्या ओव्या येतात. काल मी त्यातली एक लिहून घेतली.”

म्हणायला मिनिटभरही लागत नाही. पाठ करू नकोस, एवढंच आम्ही बजावलं. पाठ केलेला एक शब्द निसटला की पुढचं सगळंच जातं. दाखला आणि घरची गोष्ट लक्षात ठेव, शब्द तुझे येऊ दे.

यंदा बाईंनी अर्थ विचारला तेव्हा पोरीनं आजीचंच सांगितलं. अंगठा लावणाऱ्या आईचंही सांगितलं म्हणे. ते आम्ही लिहून दिलेलं नव्हतं. ताई हे सांगताना पदरानं डोळे पुसत होती.

आजीचं मात्र निराळंच. संध्याकाळी तिनं ती वही वाचून घेतली आणि म्हणाली, “मधली ओळ चुकली तुझी. बस इथं, पुन्हा लिही.”