कोरे सोडलेले प्रश्न



आपल्या उलव्यातील बरीच मुले राज्यसेवेची पूर्वपरीक्षा देतात. सामान्य अध्ययनाच्या पेपरात १०० प्रश्न, २०० गुण. चुकीच्या उत्तरास पाव भाग, म्हणजे अर्धा गुण वजा. या अर्ध्या गुणाच्या धाकाने आमची शहाणी मुले प्रश्न कोरे सोडतात.

आता हा प्रश्न घ्या. चवदार तळ्याचा सत्याग्रह कधी झाला? पर्याय : १९२४, १९२७, १९३०, १९३२. १९३० साली काळाराम मंदिराचा सत्याग्रह, १९३२ साली पुणे करार, हे मुलाला पाठ आहे. म्हणजे दोन पर्याय गळाले. १९२४ की १९२७, याची खात्री नाही, म्हणून तो थांबतो.

हिशेब मांडू. असे दोन प्रश्न सोडवले, एक बरोबर, एक चूक : दोन मिळाले, अर्धा गेला, दीड उरला. असे २० प्रश्न कोरे सोडणारा सरासरीने १५ गुण गमावतो. दंड त्याला नियम करीत नाही, त्याची भीती करते. डोळे मिटून ठोकणाऱ्यालासुद्धा चार प्रश्नांत सरासरी अर्धा गुण उरतोच! केंद्रीय लोकसेवा आयोग एक तृतीयांश कापतो, तिथे त्याची बेरीज शून्य होते.

मात्र 'योग्य विधाने ओळखा' छापाच्या प्रश्नांत अर्धवट माहिती बरोबर पर्यायच गाळून टाकते. म्हणून सरावात शंकेच्या उत्तरांपुढे पेन्सिलीने खूण करावी व ती वेगळी तपासावीत. पाचांत एकाहून अधिक बरोबर येत असतील, तर राज्यसेवेत ती सोडवण्यात फायदा आहे.