पिशवी काढण्याआधी एक प्रश्न
(सोलापूर येथील महिला मेळाव्यात एका स्त्रीरोगतज्ज्ञ भगिनीने दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या वैद्यकीय मदत निधीकडे वस्त्यांवरून जे अर्ज येतात, त्यांत दरवर्षी दोनचार अर्जांवर एकच कारण लिहिलेले असते : पिशवी काढायची आहे. आपण दयेने पैसे देतो. आज मला बोलायचे आहे ते अशा अर्जांमागे पुष्कळदा लपलेल्या एका दुखण्याविषयी. विषय मासिक पाळीचा आहे. मंडळीत पुरुषही बसले आहेत, हे मला दिसते आहे. त्यांनी उठून जाऊ नये. अर्जावर सही बहुधा नवऱ्याचीच असते.

बीड जिल्ह्यात काय घडले, ते आपण वर्तमानपत्रांत वाचले आहे. २०१९ साली ऊसतोड मजूर बायकांची पाहणी झाली. ८२ हजारांहून अधिक बायकांची विचारपूस झाली आणि त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले निघाले. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समितीही नेमली होती. त्या सगळ्या बायकांना मी सांगणार आहे तोच आजार होता असे मुळीच नाही. कुणाला अंगावरून पांढरे जात होते, कुणाला जंतुसंसर्ग होता, कुणाला नुसती भीती घातली होती. पण पाळीच्या दिवसांत कोयता चालत नाही, खाडा पडला की मुकादम पैसे कापतो, आणि उचल तर आधीच घेतलेली असते. अशा वेळी ‘पिशवीच नको’ हा सल्ला बाईला सुटकेसारखा वाटतो. आपला सोलापूर जिल्हाही साखर कारखान्यांचा आहे, आणि आपल्या वस्त्यांवरली पारधी कुटुंबेही तोडीला जातात.

त्या दुखण्याचे नाव एंडोमेट्रिओसिस. गर्भाशयाला आतून जे अस्तर असते, तशाच जातीचे पेशीजाल गर्भाशयाच्या बाहेर रुजते. कधी बीजकोशावर, कधी गर्भाशयाच्या मागच्या बाजूला, कधी आतड्यावर. पाळीचे हार्मोन दर महिन्याला त्यालाही जागे करतात. तिथे सूज येते, रक्त पाझरते, पण त्याला बाहेर यायला वाट नसते. हळूहळू आतले अवयव एकमेकांना चिकटतात. बीजकोशात जुने रक्त साठून गाठ झाली, की तिला डॉक्टर ‘चॉकलेट सिस्ट’ म्हणतात, कारण आतले रक्त तसे दाट आणि तपकिरी दिसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे पाळी येण्याच्या वयातल्या साधारण दहांतल्या एकीला हा आजार असतो. आजार किती पसरला आहे यावरून दुखणे किती हे ठरत नाही. आत थोडेसेच ठिपके असलेली बाई गडाबडा लोळते, आणि मोठी गाठ असलेली कधी कधी मूल होत नाही म्हणून येते तेव्हाच कळते.

आता एका बहिणीची हकीकत सांगते. ओळख पटू नये म्हणून दोघीतिघींच्या गोष्टी मी एकत्र केल्या आहेत. वय २४, पाच वर्षांची एक मुलगी. सप्टेंबरात ती आमच्या तपासणी शिबिरात आली ती एका खासगी दवाखान्याची चिठ्ठी घेऊनच. चिठ्ठीत शस्त्रक्रियेचा खर्च लिहिला होता. ‘पिशवी काढून टाका बाई, म्हणजे मी मोकळी,’ असे ती म्हणाली. सासू शेजारी बसली होती. सिस्टरने सासूला रक्तदाब तपासायला पलीकडे नेले, तेव्हा पुढचे बोलणे झाले. पाळीच्या आधी दोन दिवसांपासून ओटीपोटात आणि कंबरेत कळा, त्याच दिवसांत शौचाला बसले की आत सुरी फिरल्यासारखे दुखणे, नवऱ्याजवळ गेले की खोलवर दुखणे. दोन वर्षे दुसऱ्या बाळाची वाट पाहत होती. पांढरे जात नव्हते, ताप नव्हता.

एवढ्या बोलण्यावरूनच पुष्कळ उलगडते. पाळीशी बांधलेले दुखणे, त्याच दिवसांत शौचाला त्रास, संबंधाच्या वेळी दुखणे आणि दिवस राहायला उशीर, हे सगळे एकत्र आले की एंडोमेट्रिओसिसचा संशय घ्यावाच लागतो. पण आपल्या भागात आणखी एक आजार विसरून चालत नाही, तो म्हणजे गर्भाशयाचा क्षय. त्यात पुष्कळदा पाळी कमी होत जाते, वजन उतरते, बारीक ताप असतो, पण कधी कधी यांतले काहीच नसते. मूल न होण्याचे तेही मोठे कारण आहे आणि त्याचे औषध संपूर्ण वेगळे. म्हणून तिला सरकारी रुग्णालयात पाठवून दोन्ही दिशांनी तपासून घेतले. क्षयाचे काही निघाले नाही. सोनोग्राफीत डाव्या बीजकोशावर चार सेंटिमीटरची चॉकलेट सिस्ट दिसली. इथे एक लक्षात ठेवा : सोनोग्राफी निर्मळ आली म्हणून आजार नाही असे होत नाही. बारीक ठिपके सोनोग्राफीत दिसत नाहीत. आणि औषध सुरू करण्यासाठी प्रत्येकीला दुर्बिणीची शस्त्रक्रिया लागतेच असेही आता राहिलेले नाही.

मग मी तिला तो प्रश्न विचारला, जो त्या चिठ्ठीच्या आधी कुणीच विचारला नव्हता : तुला मूल केव्हा हवे आहे?

उपचाराचा सगळा रस्ता या उत्तरावर वळतो. हार्मोनची औषधे या आजाराला झोपवतात, मुळासकट काढत नाहीत. आणि जोवर ती चालू आहेत तोवर गर्भधारणा बहुतेक होत नाही. ‘आधी सहा महिने औषध घे, आत साफ होईल, मग दिवस राहतील’ असे कुणी सांगितले तर ते खरे नाही. दुखणे थांबवण्यासाठी औषध द्यावे. त्याने मूल होण्याची शक्यता वाढत नाही. ज्या बाईला आजच मूल हवे आहे तिला ते देणे म्हणजे तिचे महिने वाया घालवणे.

तिने बोटांवर मोजून उत्तर दिले. नोव्हेंबर ते मार्च तोडीवर जायचे, उचल घेतली आहे, तिथे पोटुशी राहून भागणार नाही. परत आल्यावर मात्र बाळ हवे. म्हणजे आमच्या हातात सहा-सात महिने होते.

तीन महिन्यांनी घ्यायचे अंतरा इंजेक्शन सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, दुखणेही थांबवते. तोडीवरच्या बाईला ते सोयीचे वाटेल. पण शेवटच्या इंजेक्शननंतर दिवस राहायला पुष्कळ महिने लागू शकतात, म्हणून हिच्यासाठी ते बाद. जिला चार-पाच वर्षे मूल नको, तिच्याबाबत मी वेगळा विचार केला असता. गर्भाशयात बसवायची हार्मोनची तांबी अशीच लांबच्या मुदतीची आणि महाग. साधी कॉपर-टी मात्र या आजाराचे औषध नव्हे, तिने दुखणे आणि रक्तस्राव वाढू शकतो. डायनोजेस्ट नावाची रोजची गोळी चांगली आहे, पण विकत घ्यावी लागते आणि फडावर संपली तर आणणार कोण? पाळी पूर्ण बंद करणारी महिन्याची इंजेक्शने हाडे झिजवतात. ती मोठ्या दवाखान्यात, ठरावीक मुदतीपुरतीच द्यायची.

शेवटी आम्ही निवडली ती साधी माला-एन. रक्तदाब नीट होता, डोळ्यांपुढे चमकून उठणारी अर्धशिशी नव्हती, पायात रक्त गोठल्याचा इतिहास नव्हता, ती विडी ओढत नव्हती. यांतले काही असते तर ही गोळी दिली नसती. पाकिटात २१ गोळ्या हार्मोनच्या आणि ७ लोहाच्या असतात. लोहाच्या गोळ्यांच्या दिवसांत पाळी येते आणि दुखणेही येते. म्हणून तिला सांगितले, २१ संपल्या की ७ सोडून द्यायच्या आणि दुसऱ्या दिवशी नवे पाकीट उघडायचे. हा बदल डॉक्टरने तपासल्यावरच करायचा, शेजारणीचे ऐकून नाही.

आणि नेमकी इथेच गाडी अडते. महिन्याला एक पाकीट या हिशोबाने गोळ्या मिळतात, पण अशा रीतीने घेतल्यावर सहा महिन्यांना नऊ पाकिटे लागतात. सहाच दिली तर जानेवारीतच संपतात आणि दुखणे फडावर परत येते. मग ‘गोळीने गुण नाही, पिशवी काढा’ हे ठरलेलेच. आपल्या सिस्टरने नऊ पाकिटे मिळवून प्लास्टिकच्या डब्यात भरून दिली. पायाला सूज येऊन दुखले, छातीत दुखले किंवा असह्य डोके दुखले तर गोळी थांबवून दवाखाना गाठायचा, हे नवऱ्यालाही समोर बसवून सांगितले. पहिले दोन-तीन महिने अधूनमधून डाग दिसतील, हेही सांगितले. नाहीतर बायका घाबरून सोडतात.

एप्रिलमध्ये ती परतली तेव्हा तिने कॅलेंडर दाखवले. दुखण्याच्या दिवसावर फुली मारायला सांगितले होते. नोव्हेंबरात सात फुल्या होत्या, फेब्रुवारीत एक, मार्चमध्ये एकही नाही. गोळी बंद केली. माला-एन थांबवल्यावर बीज सुटायला फार वेळ लागत नाही. आता दुखणे परत येणार हे गृहीत धरून, पाळीच्या दिवसांपुरती दुखण्याची गोळी दिली, तीही पोटभर खाऊन घ्यायची. नवऱ्याच्या वीर्याची तपासणी करवली. दोन वर्षांत ती कुणी केली नव्हती, दोष मात्र बाईच्या पदरात टाकून झाला होता. तपासणी ठीक आली. सहा महिन्यांत दिवस राहिले नाहीत तर पुढच्या उपचारासाठी मोठ्या केंद्रात पाठवायचे, असे ठरले आहे. आधीच दोन वर्षे गेली आहेत, म्हणून त्याहून जास्त थांबायचे नाही.

‘गाठ का काढली नाही?’ असे आपल्यातल्या काहींनी मला विचारले. गाठीबरोबर बीजकोशाचा निरोगी भागही थोडा निघतो, बीजे कमी होतात. मूल हवे असलेल्या बाईत ही शस्त्रक्रिया तोलून-मापूनच करावी. गाठ वाढली, सोनोग्राफीत शंकास्पद दिसली किंवा दुखणे आवरेना, तर करावीच लागेल.

आणि पिशवी काढली असती तर? ती पुन्हा आई झाली नसती, हे उघड आहे. पण रोग गर्भाशयाच्या बाहेर होता, तो तिथेच राहिला असता. बीजकोश शाबूत असतील तर दुखणे परत येऊ शकते. तेही काढले तर चोविसाव्या वर्षी पाळी जाण्याचे वय येते, हाडे ठिसूळ होतात, हृदयाचा धोका वाढतो, आणि त्यावर वर्षानुवर्षे औषध घ्यावे लागते. चाळिशीतल्या, मुले झालेल्या, सगळे उपाय थकलेल्या बाईला ही शस्त्रक्रिया वरदान ठरू शकते. मी स्वतः ती केली आहे. पण ती पहिली पायरी नव्हे.

मार्कच्या पाचव्या अध्यायातली बारा वर्षे रक्तस्राव सोसणारी बाई आपल्या सर्वांना ठाऊक आहे. तिने होते नव्हते ते वैद्यांवर घालवले होते. आपल्या वस्त्यांवरल्या बाया आजही तेच करतात, आणि त्यांतला काही पैसा आपल्या निधीचा असतो. ‘लग्न झाले की दुखणे जाईल’, ‘एक बाळ होऊ दे, बरी होशील’ ही वाक्येही आपल्याच घरांत बोलली जातात. बाळ हे औषध नाही. पोटुशी असताना दुखणे बहुधा दबते, पुढे अनेकींना ते परत येते.

समितीपुढे माझी सूचना एवढीच आहे : अर्जावर तीन ओळी वाढवा. दुखणे पाळीच्या दिवसांशी बांधलेले आहे का, मूल हवे आहे का आणि केव्हा, आणि सरकारी रुग्णालयातल्या स्त्रीरोगतज्ज्ञाने तिला तपासले आहे का. शस्त्रक्रियेच्या रकमेतून जे वाचेल त्यातून गोळ्यांचे डबे, सोनोग्राफीसाठी एस.टी.चे भाडे आणि त्या दिवसाची बुडालेली मजुरी द्या. मजुरी दिली नाही तर ती येणारच नाही. तोडीच्या टोळ्या दिवाळीनंतर निघतात, म्हणून पाकिटे भरून ठेवायचे काम सप्टेंबरातच व्हायला हवे.